‘स’ कानात पोहोचतो का? बाळाचं कानाचं मशीन, कॉक्लिअर इम्प्लांट आणि आईवडिलांनी विचारायचे प्रश्न

बाळाच्या फाइलीत ऐकण्याच्या बेरा चाचणीचा कागद असतो आणि त्यावर एकच ओळ असते: दोन्ही कान, ९० डेसिबलपर्यंत प्रतिसाद नाही. तो कागद हातात धरून आलेले आईवडील बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतात, “मशीन लावायचं की ऑपरेशन करायचं?” इतकी वर्षं ऑडिओलॉजिस्टचं काम केल्यावर मला वाटतं की हा प्रश्न थोडा घाईचा आहे. अतितीव्र श्रवणदोष असलेल्या बाळासाठी कानाचं मशीन आणि कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत बसवायचं यंत्र, हे सुरुवातीला एकमेकांचे पर्याय नसतात. मशीन आधी लावायचं असतं आणि ते नीट लावून जे दिसेल त्यावरून ऑपरेशनचं ठरवायचं असतं. घोळ होतो तो बहुधा इथेच. मशीन नीट न लावताच ‘उपयोग नाही’ असा निकाल दिला जातो, नाहीतर मशीन लावलं आहे या समाधानात महिने निघून जातात.

या लेखात मी त्या मधल्या तीन-चार महिन्यांबद्दलच मुख्यतः लिहिणार आहे. त्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, एक मुलगी आहे. जन्मानंतरच्या तपासणीत दोन्ही कान नापास झाले. तीन महिन्यांची असताना बेरा झाली आणि वर लिहिलेली ओळ आली.

त्या ओळीचा अर्थ ‘काहीच ऐकू येत नाही’ असा होत नाही. बेरामध्ये कानात टक-टक असा आवाज सोडतात आणि श्रवणाच्या नसेकडून मेंदूच्या मुळापर्यंत गेलेला विजेचा संकेत डोक्यावरच्या इलेक्ट्रोडनी टिपतात. या टक-टक आवाजात सगळे स्वर मिसळलेले असतात, पण मिळणारा प्रतिसाद प्रामुख्याने २,००० ते ४,००० हर्ट्झच्या भागातून, म्हणजे उंच, तीक्ष्ण स्वरांतून येतो. खालचे, घुमणारे स्वर बाळाला थोडेफार ऐकू येत असले तरी ही चाचणी कोरी येऊ शकते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: “वेगवेगळ्या स्वरांची बेरा झाली का? ५००, १,०००, २,००० आणि ४,००० हर्ट्झला प्रत्येक कानाचे आकडे किती?” चारही आकडे एकाच बैठकीत मिळतीलच असं नाही, कारण बाळ झोपलेलं लागतं. दुसऱ्यांदा यावं लागलं तरी चालेल. आकडे हवेत, कारण मशीन त्यांच्याच आधारावर लावायचं असतं.

आपल्या मुलीची ही चाचणी झाली. उजव्या कानात ५०० हर्ट्झला ७५ डेसिबलवर प्रतिसाद मिळाला, १,००० ला ९० वर, आणि २,००० व ४,००० ला यंत्राची मर्यादा संपेपर्यंत काहीच नाही. डाव्या कानात ५०० ला ८५, वरच्या स्वरांना काही नाही. ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या आलेखावर, या खुणा खालच्या डाव्या कोपऱ्यात गोळा होतात आणि उरलेला कागद कोराच राहतो.

इथेच आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी लागते. काही बाळांच्या बेरामध्ये एकही लाट उमटत नाही, पण कानाच्या आतला शंख, म्हणजे कॉक्लिआ, काम करत असतो. आवाज आत पोहोचतो, मात्र पुढे जाणारे संकेत एका तालात जात नाहीत. याला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. वेळेआधी जन्मलेल्या किंवा जन्मतः कावीळ फार वाढलेल्या बाळांत ही शक्यता जास्त ध्यानात ठेवावी लागते. अशा बाळाला प्रत्यक्षात किती ऐकू येतं हे बेरा सांगूच शकत नाही. काहींची बेरा काही महिन्यांनी सुधारतेसुद्धा. त्या बाळांचं मशीन आणि ऑपरेशन दोन्ही वेगळ्या हिशेबाने ठरवायचं असतं. शंखातून परत येणारा बारीक आवाज टिपणारी ओएई चाचणी आणि बेरामधल्या शंखाच्या स्वतःच्या संकेताची तपासणी यावरून हे ओळखता येतं. “न्यूरोपॅथी नाही हे कशावरून ठरवलं?” असं विचारलं की समोरच्याने कोणती चाचणी केली ते सांगायला हवं. नुसतं “नाहीये ती” हे उत्तर पुरेसं नाही.

आता मशीन. मशीन आवाज मोठा करतं, एवढंच त्याचं काम. तो मोठा झालेला आवाज झेलायला आत कोणीतरी लागतं. शंखात केसासारखी टोकं असलेल्या पेशी असतात. बाहेरच्या रांगांतल्या साधारण १२,००० पेशी हळू आवाजाला बळ देतात आणि आतल्या रांगेतल्या सुमारे ३,५०० पेशी तो आवाज नसेकडे पोहोचवतात. बाहेरच्या रांगा बिघडल्या तर मशीन त्यांची उणीव बऱ्यापैकी भरून काढतं. अतितीव्र दोषात मात्र बहुतेक वेळा आतली रांगही गेलेली असते. शंखाच्या ज्या भागात ती शिल्लकच नाही, तिथे मशीनने कितीही जोर लावला तरी बोलण्यातला त्या भागाचा तुकडा नसेपर्यंत पोहोचत नाही. शंखाच्या दारापाशी उंच स्वर आणि शेंड्याकडे खालचे स्वर अशी वाटणी असते, आणि जन्मजात दोषात बऱ्याचदा शेंड्याकडचा भाग थोडा वाचलेला असतो. आपल्या मुलीच्या ऑडिओग्रामवर कोपऱ्यात दिसल्या त्या खुणा याच शिल्लकेच्या.

चौथ्या महिन्यात तिला दोन्ही कानांना जास्त ताकदीची मशीन लावली. आणि मग ज्या चुका नेहमी होतात त्यातली एक झाली. लहान बाळाचा कान भराभर वाढतो. पहिल्या वर्षात कानाचा मोल्ड, म्हणजे कानाच्या साच्याचा मऊ तुकडा, दर एक-दोन महिन्यांनी नवा करावा लागू शकतो. जुना मोल्ड सैल झाला की आवाज बाहेर झिरपतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि मशीन शिट्टी मारतं. घरच्यांना वाटतं की बाळाला त्रास होतोय. मग कोणीतरी आवाज कमी करतं किंवा मशीन काढूनच ठेवतं. महिनाभराने तपासणीला आल्यावर “मशीनचा फायदा दिसत नाही” अशी नोंद होते. वास्तविक मशीनला संधीच मिळालेली नसते.

आपल्या मुलीचंही असंच चाललं होतं. मशीनमध्ये किती तास वापरलं याची नोंद आपोआप होत असते. ती संगणकावर उघडली तर दिवसाची सरासरी तीन तासही नव्हती. आई खोटं बोलत नव्हती. सकाळी ती लावायची, दूध पाजताना शिट्टी व्हायची, मशीन निघायचं ते संध्याकाळीच परत लागायचं. नवा मोल्ड केला, शिट्टी थांबली, वापर नऊ तासांवर गेला. बाळ जागं असेल तितका सगळा वेळ मशीन कानात हवं, हे लक्ष्य धरायचं. प्रत्येक भेटीत “नोंदीत किती तास दिसतात?” हे स्वतःहून विचारावं. तो आकडा आईवडिलांवर दोष ठेवण्यासाठी नसतो. कमी तास म्हणजे मोल्ड, शिट्टी, कानातलं पाणी किंवा बाळाची नाराजी यांपैकी काहीतरी शोधायचं आहे.

दुसरा तितकाच महत्त्वाचा प्रश्न: “मशीनचा आवाज तिच्या कानाप्रमाणे मोजून बसवला का?” बाळाच्या कानाची नळी मोठ्या माणसापेक्षा खूप लहान असते, त्यामुळे त्याच मशीनचा आवाज तिच्यात जास्त जोराने भरतो. कंपनीने दिलेल्या ठरीव सेटिंगवर विसंबलं तर कधी आवाज फार कमी पडतो, कधी गरजेपेक्षा जास्त होतो. म्हणून कानात बारीक नळी घालून प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतोय हे मोजतात. बाळ फार हलत असेल तर एकदा फरक मोजून घेऊन बाकीचं काम एका छोट्या पेटीत करतात. हे मोजमाप नसेल, तर ‘मशीनचा फायदा नाही’ हा निष्कर्ष मी तरी ग्राह्य धरत नाही. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलंय का हेही पाहायला हवं. सर्दीनंतर हे सहज होतं आणि त्याने ऐकणं आणखी २०-३० डेसिबलनी खाली जाऊ शकतं.

एवढं सगळं केल्यावर मग खरा निकाल. आठव्या महिन्यात मुलगी बसायला लागली होती आणि मान वळवून पाहत होती. या वयात, साधारण सहा-सात महिन्यांपासून, एक सुंदर चाचणी करता येते. बाळाला आईच्या मांडीवर बसवायचं. आवाज आला की बाजूच्या काळ्या काचेमागे एक खेळणं उजळतं. दोन-चार वेळात बाळाला कळतं की आवाज आला की तिकडे गंमत असते. मग आवाज हळू हळू कमी करत पाहायचं, कुठपर्यंत मान वळते.

मशीन लावून तिने ५०० हर्ट्झला ४० डेसिबलवर मान वळवली. १,००० ला ५० वर. २,००० ला थेट ७५ वर आणि ४,००० ला वळवलीच नाही.

हे आकडे बोलण्याच्या भाषेत मांडू. समोर बसून नेहमीच्या आवाजात बोललं तर बोलण्याचे निरनिराळे तुकडे ऑडिओग्रामवर साधारण २० ते ६० डेसिबलच्या पट्ट्यात पडतात. म्हणजे ५०० हर्ट्झचा भाग तिला मिळतोय, १,००० चा निम्माशिम्मा, त्यावरचा जवळजवळ काहीच नाही. घरी मात्र चित्र वेगळं दिसत होतं. दार आपटलं की ती दचकायची. मागून “बाळा!” म्हटलं की वळायची. आजीचं म्हणणं, “तिला ऐकू येतंय, ऑपरेशन कशाला?” आजी चुकत नव्हती. तिला खरंच ऐकू येत होतं, पण आवाज येतो हे कळणं आणि काय बोललं हे कळणं यांत मोठं अंतर आहे, आणि ते सगळं उंच स्वरांत आहे.

हे घरी तपासता येतं. डॅनियल लिंग या श्रवणतज्ज्ञाने सहा आवाजांची एक साधी कसोटी रूढ केली: म्, ऊ, आ, ई, श्, स्. हे सहा आवाज मिळून बोलण्याचा खालपासून वरपर्यंतचा पट्टा व्यापतात. ‘म्’ सगळ्यात खाली, ‘स्’ सगळ्यात वर, ४,००० हर्ट्झच्याही पुढे. बाळाच्या बाजूला किंवा किंचित मागे, हातभर अंतरावर बसायचं. ओठ दिसू द्यायचे नाहीत, श्वास मानेवर लागू द्यायचा नाही, एका तालात म्हणायचं नाही. मधे थोडा थोडा वेळ जाऊ द्यायचा, नाहीतर बाळ आवाज ओळखण्याऐवजी वेळ ओळखायला शिकतं. एका वेळी एकच मशीन चालू ठेवून प्रत्येक कान वेगळा पाहायचा. अंतरही नेहमी तेच ठेवावं, कारण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनी उतरतो. कुशीतल्या बाळाच्या कानाशी जे ऐकू येतं, ते खोलीच्या दुसऱ्या टोकाहून येईलच असं नाही.

आपली मुलगी ‘म्’, ‘ऊ’ आणि ‘आ’ ला हटकून थबकायची. ‘श्’ आणि ‘स्’ ला चेहऱ्यावर रेघही हलायची नाही. ‘ई’ लाही थबकायची, म्हणून आईला वाटलं की सहापैकी चार पास. इथे एक बारकावा आहे. ‘ई’ आणि ‘ऊ’ या दोन्ही स्वरांचा खालचा भाग जवळपास एकाच ठिकाणी, ३०० हर्ट्झच्या आसपास असतो. ‘ई’ ला ‘ई’पण देतो तो वरचा भाग, २,००० हर्ट्झच्या पुढचा. तो ज्याला ऐकू येत नाही, त्याला ‘ई’ आणि ‘ऊ’ सारखेच लागतात. म्हणजे ‘ती’ आणि ‘तू’ एकच.

आपल्या भाषेत याचा फटका कुठे बसतो ते पाहा. ‘तो जातो’ आणि ‘तू जातोस’ यांत क्रियापदापुरता फरक एका ‘स’ चा आहे. ‘केलं’ आणि ‘केलंस’, ‘आहे’ आणि ‘आहेस’, सगळीकडे तेच. ‘गेली’ आणि ‘गेलो’ मध्ये शेवटचा स्वर, तोही घाईत उच्चारलेला. कोण करतंय, कोणाशी बोलतोय, बाई की पुरुष, हे सगळं मराठी शब्दाच्या शेपटीत लपलेलं असतं आणि ती शेपटी हळू असते. ओठ वाचून हे भरून निघेल असं काहींना वाटतं. आरशासमोर उभं राहून आवाज न करता ‘पान’, ‘बाण’, ‘मान’ म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात.

काही मशीन उंच स्वर दाबून खालच्या पट्टीत आणून देतात, ती वापरून बघा असंही कोणी सुचवतं. काही मुलांना त्याचा फायदा होतो. पण जिचं ऐकणं १,००० हर्ट्झपाशीच संपतं, तिच्या बाबतीत ते स्वर आणून ठेवायला खाली जागाच फारशी नसते.

म्हणून मशीन नीट लावून, पुरेसे तास वापरून, तीनेक महिन्यांनी विचारायचा प्रश्न हा: “मशीन लावल्यावर २,००० आणि ४,००० हर्ट्झला तिला किती डेसिबलवर ऐकू येतं, आणि इम्प्लांटने किती अपेक्षित आहे?” चांगलं मॅपिंग, म्हणजे विजेची नीट जुळवणी, झालेल्या इम्प्लांटने मुलं सहसा सगळ्या स्वरांना २० ते ३५ डेसिबलच्या आसपास प्रतिसाद देतात, ‘स’ च्या भागालाही. हे दोन आकडे शेजारी ठेवले की निर्णयाचा मोठा भाग समोर येतो. एखाद्या बाळाला मशीननेच ४,००० ला ३५-४० मिळत असेल, सहाही आवाज ओळखू येत असतील आणि बडबड वाढत असेल, तर ऑपरेशनची घाई नको असं मीही सांगेन. आपल्या मुलीचे आकडे तसे नव्हते.

वेळेचा मुद्दा इथे येतो. मेंदूतला ऐकण्याचा भाग आवाजाची कायम वाट पाहत बसत नाही; आवाज आलाच नाही तर ती जागा दुसऱ्या कामाला लागते. अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जन्मतः बहिऱ्या मुलांच्या मेंदूच्या लाटा मोजून दाखवलं की साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांत त्या वयानुसार होतात, आणि सात वर्षांनंतर झालेल्यांत बहुधा होत नाहीत. साडेतीन ही आरामात गाठायची मुदत मात्र नव्हे. वर्षाच्या आसपास इम्प्लांट झालेल्या मुलांची भाषा सर्वसाधारणपणे अधिक चांगली येते, म्हणून आता ९ ते १२ महिन्यांचं वय अनेक ठिकाणी धरलं जातं. ‘दोन वर्षं मशीन वापरून बघू’ हा सल्ला अतितीव्र दोषाच्या बाळासाठी महागात पडतो.

घाईचं एक वेगळं कारण मेंदुज्वर आहे. मेनिंजायटिसमुळे ऐकणं गेलं असेल तर शंखाच्या आत हाड धरू लागतं, कधी काही आठवड्यांतच. एकदा आत हाड भरलं की इलेक्ट्रोडची तार सरकवणं कठीण होतं. तिथे तीन महिन्यांची मशीनची चाचणी करत बसायचं नसतं, लगेच स्कॅन करून इम्प्लांटच्या टीमकडे जायचं असतं.

ऑपरेशनकडे वळताना आधी “नस आहे का?” हे विचारावं. इम्प्लांट शंखातल्या पेशींना बाजूला ठेवून थेट नसेला विजेचे संकेत देतं. एमआरआयमध्ये श्रवणाची नस आणि शंखाची रचना दिसते, सीटी स्कॅनमध्ये हाड. शंखच नसेल तर इम्प्लांट बसत नाही आणि नस नसेल किंवा अगदी बारीक असेल तर निकाल बेभरवशाचा असतो. हे आईवडिलांना ऑपरेशनच्या आधी स्पष्ट शब्दांत कळायला हवं.

“ईसीजी काढला का?” हा प्रश्न ऐकून काही जण गोंधळतात, कानाचा आणि हृदयाचा काय संबंध? जन्मजात अतितीव्र बहिरेपणाच्या एका दुर्मिळ आनुवंशिक प्रकारात हृदयाच्या ठोक्याच्या विजेतही दोष असतो आणि भूल दिल्यावर किंवा अचानक दचकल्यावर ठोका धोकादायक रीतीने बिघडू शकतो. एक साधा ईसीजी हे दाखवून देतो. कुटुंबात कोणी वारंवार बेशुद्ध पडत असेल किंवा लहान वयात अचानक गेलं असेल तर तेही सांगावं. तसंच बाळ उशिरा बसायला-चालायला लागलं असेल तर डोळ्यांची तपासणी आणि जनुकीय चाचणी विचारावी, कारण एका प्रकारात पुढे दृष्टीही कमी होत जाते. ते माहीत असेल तर दोन्ही कानांना लवकर इम्प्लांट करण्याचं महत्त्व आणखी वाढतं.

ऑपरेशन पूर्ण भुलीखाली होतं. कानामागे छेद घेऊन हाड कोरून वाट करतात, शंखात बारीक तार सरकवतात आणि त्वचेखाली एक चपटा भाग बसवतात. तारेवर कंपनीनुसार १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात. चेहऱ्याची नस त्या वाटेच्या अगदी शेजारून जाते, म्हणून ऑपरेशनभर तिच्यावर लक्ष ठेवणारं यंत्र लावलेलं असतं का, हे विचारायला संकोच करू नये. चेहऱ्याची कायमची इजा क्वचित होते. जखमेचा संसर्ग, चक्कर, चवीत फरक हे त्याहून जास्त दिसतं. इम्प्लांट असलेल्या मुलांना मेनिंजायटिसचा धोका थोडा वाढतो, म्हणून न्यूमोकॉकसची लस ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी झालेली असावी. पुढे कधी एमआरआय लागला तर आतलं चुंबक काढावं लागेल की तसाच करता येईल, हे मॉडेलवर अवलंबून असतं. उत्तर लेखी घेऊन फाइलीत ठेवावं.

एक नुकसान आधीच समजून घ्यायला हवं. तार आत गेल्यावर त्या कानातलं उरलंसुरलं नैसर्गिक ऐकणं जाऊ शकतं. आपल्या मुलीच्या उजव्या कानात ५०० हर्ट्झची शिल्लक होती. तिच्या आईवडिलांसमोर दोन वाटा होत्या: दोन्ही कानांना एकदम इम्प्लांट, किंवा डाव्या कानाला इम्प्लांट आणि उजव्याला मशीन चालू. दुसऱ्या वाटेत आवाजाचा घुमार, चढउतार, गाण्याचा खालचा सूर मशीनकडून मिळतो. पहिल्या वाटेत दोन्ही कानांना ‘स’ मिळतो आणि आवाज कुठून आला हे कळायला मदत होते. माझा कल अशा आकड्यांना दोन्ही कानांकडे असतो. तरी तिच्या आईवडिलांनी दुसरी वाट घेतली आणि मशीनच्या कानाचा निकाल सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचं ठरवलं. तारीख ठरलेली होती, म्हणून मला ते पटलं.

ऑपरेशनच्या टेबलावर आवाज येत नाही. जखम भरल्यावर, दोन ते चार आठवड्यांनी, बाहेरचा प्रोसेसर लावून इम्प्लांट चालू करतात. त्या क्षणाचे व्हिडिओ पाहून लोक हसऱ्या बाळाची अपेक्षा घेऊन येतात. पुष्कळ बाळं रडतात, काही नुसतीच थबकतात, काहींना कळतही नाही. तिन्ही ठीक आहे. पहिल्या दिवशी आवाज मुद्दाम कमी ठेवलेला असतो.

यापुढचं काम मॅपिंगचं. प्रत्येक इलेक्ट्रोडला किमान किती वीज दिली की आवाज जाणवतो आणि कमाल किती चालते, हे ठरवायचं. बाळ सांगू शकत नाही, म्हणून नसेचा प्रतिसाद मोजून आणि वागणं पाहून ते पहिल्या काही महिन्यांत पुन्हा पुन्हा जुळवतात. म्हणून विचारावं: “मॅपिंग कोण करणार, पहिल्या वर्षात किती वेळा, आणि प्रोसेसर बिघडला तर तोवर बदली मिळेल का?” ऑपरेशन चांगलं झालं पण मॅपिंग वर्षभर तसंच राहिलं, अशी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना पुन्हा मशीनवाल्या मुलांसारखंच अर्धवट ऐकू येत होतं. घरची सहा आवाजांची कसोटी इथेही रोज सकाळी करावी. काल ‘स्’ ला वळणारं मूल आज वळत नसेल तर आधी बॅटरी, मग वायर आणि कॉइल, म्हणजे डोक्याला चुंबकाने चिकटणारी चकती, तपासायची. तरी फरक नाही पडला, किंवा मूल येणारे शब्द गमावू लागलं, प्रोसेसर ओढून फेकू लागलं, तर आतला भाग बिघडलेला असू शकतो. चुंबकाखालची त्वचा लाल दिसली तर चुंबकाची ताकद कमी करून घ्यावी.

आणि प्रोसेसर काढला की शांतता. अंघोळीला, झोपेत, बॅटरी संपल्यावर मूल ऐकत नाही. म्हणूनच “तोवर आणि त्यानंतरही भाषेचं काय?” हा प्रश्न माझ्या मते सगळ्यात आधी विचारायचा. निदान झाल्या दिवसापासून हातवारे आणि सांकेतिक भाषा घरात आणली तर बोलणं मागे पडतं या भीतीला पक्का आधार नाही. मेंदूला इजा होते ती कुठलीच भाषा न मिळाल्याने. ज्या बाळाची नस बारीक आहे किंवा ज्याचं ऑपरेशन काही कारणाने लांबलं आहे, त्याच्यासाठी तर तीच मुख्य वाट असू शकते. एखाद्या कुटुंबाने सगळं समजून इम्प्लांट न करता सांकेतिक भाषेत मूल वाढवायचं ठरवलं, तर तोही निर्णयच आहे. फक्त मग घरातल्या सगळ्यांनी ती भाषा खरोखर शिकायला हवी.

आपल्या मुलीचं इम्प्लांट अकराव्या महिन्यात झालं, महिनाभरात चालू झालं. सहा महिन्यांनी डाव्या कानाने तिने ४,००० हर्ट्झला ३० डेसिबलवर मान वळवली. ‘स्’ म्हटल्यावर ती आता आईच्या तोंडाकडे बघते. दीड वर्षाची झाली तरी शब्द नव्हता, म्हणून आजीने पुन्हा काळजीने विचारलं. ऐकण्याच्या हिशेबाने तिचं वय सहा महिने आहे, आणि सहा महिन्यांचं बाळ जसं ‘बाबाबा’ करायला लागतं तसं तिने करायला घेतलंय, हे आम्ही आजीला सांगितलं. उजव्या कानाचे आकडेही त्याच दिवशी घेतले. २,००० ला अजून ७५ च होते. पुढची भेट दुसऱ्या कानाबद्दल ठरली.